माणिकबाईच्या व्हिडिओची कडी

माणिकबाईचे व्हिडिओ सुरू व्हायचे झोकात. "राम राम बाप्पा, या, बसा," म्हणायची आणि सरळ वाफ्यात उतरायची. संभार, म्हणजे कोथिंबीर, कधी टाकावा, गवारीला पाणी किती द्यावं, वांग्याचा शेंडा वाकला की आत अळी आहे हे कसं ओळखावं, सगळं हातानं करून दाखवायची. बोलणं घट्ट, हात त्याहून घट्ट. पण सांगायचं सांगून झालं की बाईला थांबता यायचं नाही.

"तर मंग असं हाय बाप्पा," म्हणायची. थोडं थांबायची. "अन हो, त्या शेणखताचं सांगाचं राह्यलं." मग शेणखत. "बरं मंग. आता ऊन बी वर आलं. तुमाले बी कामं असतीन." मग कोणाची कामं, कोणतं ऊन, यंदा थंडी कशी उशिरा आली. शेवटी एक हात मोबाईलकडे यायचा, तळवा मोठा मोठा होत पडदाभर काळोख करायचा, मग हनुवटी दिसायची, मग आभाळ, शेवग्याची फांदी, आणि आवाज यायचा, "काहो, हे लाल कुठी दाबा लागते?" तिथं कुठंतरी व्हिडिओ तुटायचा.

मोबाईल शेवग्याच्या बुंध्याला चिंधीनं बांधलेला असे. व्हिडिओ तयार झाला की माणिकबाई तो अमरावतीला पाठवी. तिथं तिची लेक वच्छला एका कार्यालयात नोकरीला होती. ती दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता, आईचा व्हिडिओ न कापता चॅनलवर चढवी, शेवटी जुन्या व्हिडिओंच्या चौकटी तेवढ्या चिकटवी. चॅनलचं नाव 'माणिकबाईची वाडी'. हेही वच्छलेनंच ठेवलेलं. माणिकबाईनं फक्त विचारलं होतं, "वाडीत तुह्या बापाचा बी घाम हाय, त्याचं नाव कुठी?" त्यावर तिचा नवरा पुंजाराम बांधाच्या धुऱ्यावरून म्हणाला, "माहं नको टाकू. लोक भाव विचारतीन."

वाडी अकोल्याच्या जुन्या शहराच्या पलीकडे, मोर्णा नदीच्या काठानं थोडं आत. माळ्याचं घर, तीन पिढ्या माळवं पिकवणारं. पहाटे तोडायचं, गाठोडी ऑटोत टाकायची, जुन्या शहरातल्या बाजारात मांडून बसायचं, दुपारी परत येऊन पुन्हा वाफे. लग्न होऊन आली तेव्हापासून माणिकबाईच्या दिवसाचा हाच आकार. गुडघे गेले, कंबर गेली, आकार गेला नाही.

गेलं ते विहिरीचं पाणी. सारा भाग खारपाणपट्ट्यातला, बोअर मारलं तर मीठच वर येतं. पण या एका विहिरीला वरच्या थराचं गोड पाणी होतं आणि त्याच्यावर वाडी हिरवी होती. दोन-तीन वर्षांपासून पाण्याची चव बदलत गेली. आधी चहा फाटायला लागला. मग पालकाची पानं कडेनं जळायला लागली. यंदा मेथी उगवून पिवळी पडली आणि पुंजारामनं खुरपं पाण्याच्या दांडात टेकवून सांगून टाकलं, "बस झालं. पावसाची कपाशी टाकू, तूर टाकू. माळवं आता नाई होत."

माणिकबाईनं पिवळी मेथी उपटून बांधावर टाकली. थकलेल्या माणसाला कोणीतरी दुसऱ्यानं 'बस' म्हटलं की थोडं बरंच वाटतं. फक्त तिच्या मनात एक वांगं अडकलं.

ते वांगं तिच्या माहेरचं, तेल्हाऱ्याकडचं. हिरवट अंगावर पांढऱ्या चिरा, देठाला काटे, भाजलं की सालीखाली लोण्यासारखं. तिच्या आजीनं, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळी, सासरी येताना लुगड्याच्या पदरात बी आणलं, आजीकडून आईकडे आलं, आईकडून माणिकबाईकडे. माहेरी आता सगळी कपाशी. म्हणजे हे वांगं या वाडीतच उरलेलं. दरसाल ती दोन चांगली झाडं सोडून देई, फळं पिवळी होईपर्यंत झाडावरच ठेवी, गर पाण्यात कुस्करी, तळाशी बसेल तेवढंच बी घेई आणि सावलीत वाळवून राखेत ठेवी. पण बी नुसतं ठेवून जगत नाही. चार-पाच सालं पेरलं नाही की ते नुसतं टरफल. वच्छला अमरावतीत तिसऱ्या माळ्यावर राहते, कुंडीत एक झाड लावील, पण एका झाडानं वाण टिकत नाही. ते चार घरी जायला पाहिजे होतं, आणि येत्या मिरगाच्या आत.

म्हणून तिनं संक्रांतीच्या आधी वाडीचा शेवटचा व्हिडिओ केला. सारी वाडी फिरून दाखवली, विहीर दाखवली, पाणी ओंजळीत घेऊन चाखून तोंड वाकडं करून दाखवलं. वांग्याचं बी कसं काढायचं ते दाखवलं. मग "तर मंग असं हाय" आलं. मग शेणखत आलं. मग थंडी आली. आणि त्यानंतर, तळवा पुढं यायच्या जरा आधी, ती म्हणाली, "अन हो, ज्याले हे बी पाह्यजे त्यानं फोन करा, मी देतो."

व्हिडिओ लोकांनी पाहिला. फोन आला तो एकच, आणि तो माणूस विचारत होता, विहिरीचा पंप विकायचा आहे का.

आठवडाभर वाट पाहून तिनं वच्छलेला फोन लावला. "काहून वो, कोणाले बी नाई पाह्यजे का बी? का माह्यावर रुसले लोक?"

वच्छला जरा घुटमळली. "आई, इथं एक रेघ दिसते मले. लोक कुठपर्यंत पाह्यतात त्याची. तू बी काढून दाखवते तिथपर्यंत रेघ चांगली वर हाय. तू 'तर मंग असं हाय' म्हणलं का ती खाली पडते. बियाचं सांगतलं तू, पण तवा पाह्याले कोणीच नव्हतं."

"उठून गेले?"

"उठून गेले."

"मले न सांगता?"

वच्छलेला हसू आलं, पण आईच्या आवाजात हसण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणाली, "आई, सगळ्याच व्हिडिओत असंच हाय. मी तुले सांगतलं नाई. तुले वाईट वाटलं असतं."

वाईट वाटलंच. बाजारात बसली तरी तिला ती रेघ दिसायची, पायरी चुकल्यासारखी खाली गेलेली.

ओमप्रकाश तिचं जुनं गिऱ्हाईक. जुन्या शहरातच एका बोळात त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. कॅसेटच्या काळापासून खांद्यावर कॅमेरा वाहून त्याचा उजवा खांदा डाव्याहून खाली आलेला. लग्नसराईत पंधरा तास उभं राहायचं आणि मग महिनाभर संगणकासमोर बसून त्याच अक्षता पुन्हा पुन्हा पाहायच्या. माणूस बोलायला मोकळा पण डोळे कायम अर्धे मिटलेले. त्या दिवशी तो वांगी निवडत होता आणि माणिकबाई नेहमीसारखी त्याला बोलत नव्हती.

"काहो वयनी, आज मौन का?"

"तुमी पाह्यता का हो माहे व्हिडिओ?"

"पाह्यतो."

"शेवटपर्यंत?"

ओमप्रकाशनं वांगं परत ठेवलं. "खरं सांगू का? तुमच्या व्हिडिओले दार हाय वयनी, पण कडी नाई. वाऱ्यानं आपटत राह्यते. मंग माणूस कटाळून निघून जाते."

माणिकबाईनं तराजू खाली ठेवला. "कडी कशी लावू? माह्या घरी आलेल्या माणसाले मी म्हणू का, उठा आता? आपल्याकडे यजमान उठते का पयले? पाव्हणा म्हणते, येतो. मंग आपुन म्हणतो, बसा ना. मंग तो उंबऱ्यात थांबते, मंग फाटकापाशी थांबते. त्यालेच तर माया म्हणते. मी कोणाच्या तोंडावर दार लावलं नाई आजवर."

ओमप्रकाश जवळच्या रिकाम्या क्रेटवर बसला. हा प्रश्न त्याला कोणी कधी असा विचारला नव्हता.

"पण वयनी, त्या मोबाईलच्या डब्यातला पाव्हणा तुमाले 'येतो' म्हणू शकत नाई ना. तुमी सोडल्याशिवाय त्याले मानानं जाताच येत नाई. मंग तो चोरासारखा मागच्या दारानं जाते. त्याले नीट निरोप देणं बी यजमानाचंच काम हाय."

"तुमी देता का?"

"मी कायचा देतो," तो म्हणाला. "माह्या लग्नाच्या व्हिडिओत नवरी गाडीत बसली का खरा शेवट होते. पण लोक म्हणतात, मामाचा शॉट राह्यला, आचाऱ्याचा राह्यला, मांडव सोडतानाचं बी टाका. मी टाकतो. तीस सालं झाले टाकून राह्यलो. एक बी व्हिडिओ मनासारखा बंद केला नाई म्या."

त्यानं परत ठेवलेलं वांगं उचलून पिशवीत टाकलं. मग ओमप्रकाश म्हणाला, "सोमवारी मले सुट्टी हाय. वाडीत येतो. पयले शेवट ठरवा. शेवटी काय दिसलं पाह्यजे, शेवटचं कोणतं वाक्य, अन ते झाल्यावर काय. बाकीचं मंग."

सोमवारी सकाळी धुई, दाट धुकं, होती. वाडीवर पांढरं पसरलेलं, विहिरीचं पाणी पडायचं ते दगडी थारोळं तेवढं काळं. ओमप्रकाशनं तिपाई रोवली, तिच्यावर माणिकबाईचाच मोबाईल लावला. "शेवटच पयले काढू," तो म्हणाला. "सारं बोलून झाल्यावर माणूस दमते, मंग शेवट बी दमलेला येते. आत्ता तुमी ताज्या हा."

"ताजी," पुंजाराम दूरवरून म्हणाला. "गेल्या दिवाळीपासून नाई पाह्यली म्या."

माणिकबाईनं पदर खोचला. वाक्य ठरलं होतं: ज्याला बी पाहिजे त्यानं सांगा. ती उभी राहिली, म्हणाली, आणि लगेच तोंडातून निघालं, "तर मंग असं हाय."

"वयनी."

"निघून गेलं हो तोंडातून. जिभेची सवय."

पुन्हा केलं. या वेळी वाक्य बरोबर थांबलं, पण वाक्य संपलं की तिचा हात सरळ मोबाईलकडे निघाला. ओमप्रकाशनं हात वर करून थांबवलं. "बंद कराले येऊ नका. चालू राहू द्या त्याले. तुमी बोलून उभ्या राहा. मागचं मी कापतो. तुमचा तळवा दिसला का लोकाईले कळते, संपलं, अन मंग तुमचं वाक्य विसरून जाते."

तिसऱ्या वेळी ती बोलून उभी राहिली. पण नुसतं उभं राहणं तिला जमेना. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला, हात कुठं ठेवावे कळेना, डोळे मोबाईलवरून पुंजारामवर गेले, तो हसला, ती चिडली. ओमप्रकाशनं डोळे चोळले. धुई विरळ व्हायला लागली होती.

"जाऊ द्या ओमभाऊ," ती थारोळ्यावर बसत म्हणाली. गुडघा दोन्ही हातांनी धरला. "माह्यानं नाई होत. मले कोणाले धाडून देणं येत नाई. आल्या माणसाले रिकाम्या हातानं..." आणि ती थांबली.

वऱ्हाडात वाडीतून, शेतातून कोणी निघालं की त्याच्या हातात काही ना काही पडतं. पहिली चवळी असो, चार वांगी असोत, मूठभर हरभरा असो. त्याला वानोळा म्हणतात. वानोळा हातात पडला की पाहुणा निघतो, आणि यजमानाला 'उठा' म्हणावं लागत नाही. ती जन्मभर हेच करत आली होती. फक्त मोबाईलसमोर तिनं लोकांना कधी काही दिलं नव्हतं, म्हणून ते फाटकातच अडकत होते आणि ती त्यांच्याशी बोलत राहत होती.

ती उठली. घरात गेली. जुन्या हिरव्या काठाच्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात मूठभर बी बांधून बाहेर आली.

"आता लावा," ती म्हणाली.

ती थारोळ्याजवळ आली. पुडी हातात धरली, मोबाईलकडे, म्हणजे त्या पाहुण्याकडे पाहिलं. "माह्या विहिरीत आता गोड पाणी नाई. ज्याच्या विहिरीत असंन, त्यानं हे घेऊन जावं." एवढंच म्हणाली. पुडी थारोळ्याच्या दगडावर ठेवली, गाठ जरा नीट केली, आणि चौकटीतून बाहेर चालत गेली. मागं पाहिलं नाही. दगडावर पुडी राहिली, मागं धुई, आणि कुठंतरी पुंजारामच्या कुदळीचा ठोका.

ओमप्रकाशनं मोबाईलला हात लावला नाही. बराच वेळ तसाच चालू दिला. मग हळूच म्हणाला, "झालं."

"पुन्हा करू का?"

"नाई. हे पुन्हा होत नसते."

मग उरलेला व्हिडिओ काढला. आता तो सोपा होता, कारण कुठं पोहोचायचं ते ठरलेलं. शेणखत मध्येच येऊन गेलं, थंडी आलीच नाही.

दुपारी ती त्याच्या दुकानात गेली. बोळातली खोली, तीन लग्नांचे अर्धवट व्हिडिओ संगणकात पडलेले. ओमप्रकाशनं शेवटचा तुकडा पुढं घेतला. तिचा पदर चौकटीतून गेला तिथं त्यानं कापलं आणि तिला दाखवलं.

"लवकर झालं," ती म्हणाली. "पुडी पाह्याले वेळच नाई भेटला."

"बरोबर." त्यानं पुडी थोडी जास्त वेळ राहू दिली. त्या रिकाम्या वेळात, खालच्या कोपऱ्यात, तिचा फोन नंबर आणला. "आता लिहून घ्याले बी वेळ हाय. तुमाले तोंडानं सांगाची गरज नाई. तुमच्या वाक्यानंतर दुसरं वाक्य नको." मग त्यानं सवयीनं शहनाई लावली.

"हे काय? कोणाचं लगन हाय?"

शहनाई काढली. कुदळीचा ठोका राहू दिला.

"आता फेड-आऊट," तो म्हणाला, आणि चित्र हळूहळू काळं होत गेलं. पुडी अंधारात बुडाली.

माणिकबाई खुर्चीवर मागं सरकली. "हे नको."

"काहून? सारे असंच करतात. सिनेमात बी."

"सिनेमात करू द्या. दिवे लागल्यावर घरातून बी देते का कोणी? मीठ नाई देत, विरजण नाई देत, बी कुठून देईन? हे पाहून माह्यासारखी बाई म्हणंन, हिनं तिन्हीसांजेले धाडली लक्ष्मी. घेणार नाई कोणी."

ओमप्रकाशनं तिच्याकडे पाहिलं. सिनेमाची काळी अखेर तो तीस वर्षं नवरा-नवरींवर पसरत आला होता, आणि एखाद-दुसरी सासू कुरकुर करायची तेव्हा तिला अडाणी म्हणायचा. त्यानं काळं काढलं. खाली चित्र कशात विरवायचं ते निवडायची जागा होती, तिथं पांढरं केलं. आता पुडी काळी पडली नाही. मागची धुई हळूहळू दाट होत पुढं आली, दगड त्यात गेला, शेवटी हिरवा काठ गेला. सारा पडदा पांढरा झाला तरी कुदळीचा आवाज राहिला, मग तोही बारीक होत गेला.

"पहाट झाल्यावानी दिसते," माणिकबाई म्हणाली.

"हो."

"मंग राहू द्या."

वच्छलेला पाठवताना ओमप्रकाशनं एक सांगितलं: व्हिडिओच्या शेवटी ती जुन्या व्हिडिओंच्या चौकटी चिकटवते, त्या या वेळी काढाव्यात, नाहीतर त्या नेमक्या पुडीवर बसतील. वच्छलेनं काढल्या. रात्री आईला फोन करून फक्त एवढं म्हणाली, "आई, तू मागं नाई पाह्यलं." आणि तिनं फोन ठेवला.

रेघ या वेळी सरळ गेली असं नाही. लोक मधेमधे उठलेच. पण जे पुडीपर्यंत आले ते थांबले. फोन आले, थोडे, पण बियाचे. दर्यापूरकडचा एक जण आला, अकोटचे नवरा-बायको आले. माणिकबाईनं प्रत्येकाला बी कसं काढायचं ते विचारलं, आणि ज्याला सांगता आलं नाही त्याला आधी शिकवलं, मग दिलं.

उन्हाळा लागता लागता तेल्हाऱ्याकडून तानुबाई आली. पन्नाशीची, कोरड्या ओठांची. नव्या विहिरीला गोड पाणी लागलेलं, आणि माहेरचं नाव सांगितलं तर ते माणिकबाईच्या माहेरापासून दोन गावं सोडून. राखेतलं बी संपत आलं होतं. माणिकबाई डब्याच्या तळाशी चाचपडू लागली तशी तानुबाई संकोचून म्हणाली, "ते नको बाई. मले ते पाह्यजे, हिरव्या काठाचं. तुमी ते दगडावर ठेवलं अन चालत गेल्या, तवा मले वाटलं, माह्यासाठीच ठेवलं. एवढ्या लांबून त्याच्यासाठीच आली."

ती पुडी माणिकबाईनं देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात, ठेवलेली. ती कोणाला द्यायची नाही असं तिनं कुठं ठरवलं नव्हतं, पण इतके जण येऊन गेले तरी तिच्याकडे तिचा हात गेला नव्हता. पुंजाराम ओट्यावरून पाहत होता. माणिकबाईनं देवळीतून पुडी काढली, गाठ जरा नीट केली आणि तानुबाईच्या हातात ठेवली.

तानुबाई उठली. "येतो मंग."

"या," माणिकबाई म्हणाली, आणि उंबऱ्याच्या आतच थांबली. फाटकापर्यंत गेली नाही. फाटकाची कडी तानुबाईनं जाताना स्वतःच लावली.

"बसा नाई म्हणलं तिले?" पुंजारामनं विचारलं.

"तिले जाऊ द्या," माणिकबाई म्हणाली आणि गुडघा धरून खाली बसली. "लांब जा लागते तिले."